धातूवर वायू चिकटतो, मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भरून का जात नाही?

आरामखुर्ची (धागाकर्ता)

लेक अकरावीत आहे. रसायनशास्त्रात ‘अधिशोषण’ चालू आहे आणि उदाहरण म्हणून गाडीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा एका ओळीत उल्लेख आहे: विषारी वायू प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर चिकटतात आणि त्यांचं कमी घातक वायूंत रूपांतर होतं. तिने विचारलं, “चिकटतात ना? मग काही दिवसांत पृष्ठभाग भरून जायला हवा. पाण्याच्या फिल्टरमधला कोळसा बदलतो तसा हाही दर वर्षी का बदलावा लागत नाही?”

मी “अगं, तो उत्प्रेरक असतो” असं म्हणून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. मी एकदा कापलेला कन्व्हर्टर पाहिला आहे. आत मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची वीट असते, नळ्या इतक्या सरळ की एका टोकाने पाहिलं तर दुसऱ्या टोकाचा उजेड दिसतो. त्यातून धूर सुसाट जातो. एवढ्या वेळात चिकटायचं कधी आणि बदलायचं कधी? जाणकारांनी सांगावं. शक्यतो मुलीला वाचून दाखवता येईल असं.

---

टॉर्क

काका, चिकटण्याचं फार मनावर घेऊ नका, ते पुस्तकी आहे. खरा खेळ तापमानाचा. गार कन्व्हर्टर म्हणजे नुसती वीट. साधारण २५०-३०० अंशांना पोचला की वायूंना पुरेशी ऊर्जा मिळते आणि ते जळतात. कार्बन मोनॉक्साइड अधिक ऑक्सिजन, झाला कार्बन डायऑक्साइड. म्हणून तर सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन मिनिटांत सगळ्यात जास्त प्रदूषण होतं. भट्टी पेटल्यावर तीत काही साठत नाही, तसंच हे.

---

मीच_तो

बरं झालं धागा काढलात. माझ्या डिझेल गाडीत युरियाची टाकी आहे, तिचा दिवा सारखा लागतो. तो याच कन्व्हर्टरसाठी असतो का? टाकी भरली तरी दिवा जात नाही.

---

खडीसाखर

मीच_तो, युरियाचं प्रकरण वेगळं आहे, त्यावर शेवटी येते.

आरामखुर्ची, मी काही वर्षं धातूंच्या पृष्ठभागांवर काम केलं आहे, म्हणून सांगायचं धाडस करते. तुमच्या लेकीचा प्रश्न दिसतो त्यापेक्षा खोल आहे. कारण गार कन्व्हर्टर खरोखरच भरलेला असतो. तो काम करत नाही ते त्यामुळेच.

आधी गरम कन्व्हर्टरचं पाहू. कोळशाच्या फिल्टरमध्ये जे चिकटतं ते चिकटूनच राहतं, म्हणून तो भरतो. इथे जे येऊन बसतं ते निराळं होऊन उठतं. प्लॅटिनम किंवा पॅलॅडियमच्या कणावर कार्बन मोनॉक्साइडचा रेणू कार्बनच्या बाजूने उभा राहतो, आख्खाच्या आख्खा. ऑक्सिजनचं तसं नाही. त्याचा रेणू पृष्ठभागावर आडवा होतो आणि तुटतो, दोन सुटे अणू शेजारशेजारी बसतात. हे तुटणं हीच सगळ्यात मोठी मदत. हवेत ऑक्सिजनचा रेणू फोडायचा तर मोलमागे ४९८ किलोजूल मोजावे लागतात. धातूवर तो जवळपास फुकटात फुटतो, कारण सुट्या झालेल्या प्रत्येक अणूला धातूशी नवा बंध मिळतो.

आता मोनॉक्साइडच्या शेजारी सुटा ऑक्सिजन अणू आला की दोघे मिळून डायऑक्साइड होतात. आणि डायऑक्साइडला प्लॅटिनमचं काही आकर्षण नाही. तयार झाला की उडाला. जागा रिकामी, पुढचा या. भरून जाण्याचा प्रश्न येत नाही तो यामुळे.

टॉर्क, तापमानाचं तुम्ही बरोबर सांगितलंत, कारण मात्र चुकलं. “वायूंना ऊर्जा मिळून ते जळतात” हे खरं असतं तर धातूची गरजच नव्हती, नुसती गरम नळी पुरली असती. ३०० अंशांच्या रिकाम्या नळीतून मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन जवळजवळ जसेच्या तसे बाहेर पडतील. उष्णता इथे वेगळ्याच कामाला लागते. ती बसलेल्यांना उठवते.

गार धातूवर मोनॉक्साइड ठाण मांडून बसतो. त्याला एकच जागा लागते, कुठेही फट दिसली की बसला. ऑक्सिजनला तुटून बसायला शेजारशेजारच्या दोन रिकाम्या जागा लागतात. गर्दीच्या वेळी एकट्याला कुठेतरी टेकायला मिळतं, जोडप्याला एकत्र बाक मिळत नाही, तसं. त्यामुळे पृष्ठभाग मोनॉक्साइडने भरून जातो, ऑक्सिजनला शिरकाव नाही, आणि ऑक्सिजन नाही म्हणून मोनॉक्साइडची सुटका नाही. उलट बाजूने असं अडत नाही हे लक्षात घ्या. ऑक्सिजनच्या अणूंनी भरलेल्या पृष्ठभागावर मोनॉक्साइड तरीही मधल्या जागांत घुसतो आणि काम सुरू होतं. अडवणूक एकतर्फी आहे.

ही आजची गोष्ट नाही. अर्व्हिंग लँगम्युरने १९२२ मध्ये प्लॅटिनमवर हेच पाहिलं होतं: मोनॉक्साइड वाढवला की अभिक्रिया वाढण्याऐवजी मंदावते. पुढे गेरहार्ड एर्टल यांनी एकेक पायरी तपासली. पृष्ठभागावरच्या अभिक्रियांच्या अभ्यासासाठी २००७ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांनाच मिळालं.

---

आरामखुर्ची

हे भलतंच झालं. म्हणजे ज्याचा बंदोबस्त करायचा तोच खुर्ची अडवून बसलाय! पण ‘ठाण मांडून’ म्हणजे किती वेळ? सेकंद, तास? लेक शेजारीच उभी आहे, तिला आकडा हवाय.

---

खडीसाखर

आकडा काढता येतो, तिलाच काढायला लावा. एखादा रेणू पृष्ठभागावर सरासरी किती वेळ राहील याचं ढोबळ सूत्र असं:

```
t = 10^-13 s × e^(E/RT)
```

E म्हणजे त्याला उपटून काढायला लागणारी ऊर्जा. प्लॅटिनमवरच्या मोनॉक्साइडसाठी मोलमागे १३० किलोजूल धरू. R म्हणजे ८.३१४, आणि T केल्व्हिनमध्ये. सुरुवातीचा दहाचा उणे तेरावा घात म्हणजे रेणू धातूवर एकदा थरथरायला लागणारा वेळ. प्रत्येक थरथरीला तो सुटायचा प्रयत्न करतो, पण बहुतेक वेळा फसतो.

२७ अंश सेल्सिअस, म्हणजे ३०० केल्व्हिन: उत्तर सुमारे ४ अब्ज सेकंद येतं. शंभर वर्षांहून जास्त.
१२७ अंशांना: अडीच-पावणेतीन तास.
२२७ अंशांना: ४ सेकंदांच्या आत.
३०० अंशांना: सेकंदाचा साधारण चौदावा भाग.

पावणेतीनशे अंशांच्या चढात शतकाचं काम सेकंदाच्या तुकड्यावर येतं. आणि टॉर्क यांनी सांगितलेलं २५०-३०० बरोबर त्याच टापूत बसतं, जिथे बसलेला रेणू झटपट उठायला लागतो. तुमचा दुसरा प्रश्न वेळेचा होता. धूर त्या विटेतून साधारण सेकंदाच्या काही शतांश भागात पार होतो हे खरं. पण नळी मिलिमीटरभर रुंदीची असते, त्यामुळे मधून जाणारा रेणूसुद्धा तेवढ्या वेळात भिंतीवर पुष्कळदा आपटतो.

---

चिकित्सक

आकडे छान दिसतात, पण दोन शंका आहेत.

एक, एक मोनॉक्साइड उठला तरी धुरात त्याचे भाऊबंद आहेतच, लगेच दुसरा बसेल. मग उठण्याने काय साधलं?

दोन, १३० हा आकडा रिकाम्या पृष्ठभागाचा असणार. गर्दी झाल्यावर रेणू एकमेकांना ढकलतात, पकड सैल होते. तुमचं शतक तिथे टिकणार नाही.

---

खडीसाखर

दुसरी शंका मान्य. दाटीवाटीत E बऱ्यापैकी उतरते, शिवाय आरंभीचा घातही मोनॉक्साइडसाठी नेमका दहाचा उणे तेरावा नसतो. म्हणून ‘ढोबळ’ म्हटलं. शंभर वर्षांचं शब्दशः घेऊ नका. तापमानाबरोबर तो आकडा कसा कोसळतो ते पाहा, ते मात्र खरं आहे.

पहिली शंका जास्त महत्त्वाची आहे. दुसरा येऊन बसतोच. पण येणाऱ्यांचा वेग ठरलेला आणि जाणाऱ्यांचा वाढलेला, म्हणून कोणत्याही क्षणी काही जागा मोकळ्या सापडायला लागतात. त्यातल्या काही जोडीने मोकळ्या असतात आणि ऑक्सिजन तिथे शिरतो. तो शिरला की शेजारचे मोनॉक्साइड डायऑक्साइड होऊन उडतात, आणखी जागा मोकळ्या, आणखी ऑक्सिजन. अभिक्रियेतून उष्णताही निघते, तिने धातू आणखी तापतो. आणि पृष्ठभागाजवळच्या धुरातला मोनॉक्साइडच खर्ची पडत असल्याने अडवणारेही घटतात. तीन गोष्टी एकाच दिशेने ढकलतात. म्हणून कन्व्हर्टर हळूहळू सुरू न होता थोड्याच अंशांत एकदम ‘पेटतो’. निम्मा वायू बदलला जातो त्या तापमानाला लाइट-ऑफ म्हणतात.

आणि एकदा पेटलेला लगेच विझत नाही. गार करत आणला तर ज्या तापमानाला पेटला त्याच्याही खाली काही अंशांपर्यंत चालू राहतो.

---

टॉर्क

मग मी भट्टी म्हटलं ते अगदीच चूक नव्हतं! पेटते, स्वतःच तापते, लगेच विझत नाही.

---

खडीसाखर

भट्टी चालेल. पण जी भट्टी जास्त सरपण घातल्याने विझते, अशी भट्टी तुम्ही पाहिली आहे का? :)

---

बापू_मिस्त्री

मी गॅरेजवाला माणूस, रसायन कळत नाही, पण ही बसण्या-उठण्याची भाषा समजली. माझ्याकडचा किस्सा.

एक पेट्रोल गाडी आली. चेकचा दिवा, स्कॅनरवर P0420. म्हणजे कन्व्हर्टर कमजोर. मालकाने दुसरीकडे आठ महिन्यांपूर्वीच नवा टाकून घेतला होता, पुन्हा तोच कोड. मी खोलून पाहिला. वीट शाबूत, वितळलेली नाही, नळ्या मोकळ्या, काजळी नाही, हलवला तर खडखड नाही. दिसायला नवा. आणि कामाला शून्य. मागचा ऑक्सिजन सेन्सर पुढच्याची नक्कल करत होता. पुढे खाली-वर, तर मागेही तसंच खाली-वर. चांगल्या कन्व्हर्टरमागे रेषा जवळपास सपाट असते.

शोधलं तेव्हा एका सिलिंडरची इग्निशन कॉइल अधूनमधून मिसफायर करत होती. मालक म्हणे दिवा कधीकधी लुकलुकायचा, पण गाडी चालत होती म्हणून सोडून दिलं. कॉइल बदलली, पण कन्व्हर्टर गेलेला तो गेलाच. माझा प्रश्न असा: धातू तर आतच होता, उडून गेला नाही. मग मेला कसा?

---

खडीसाखर

बापू, धातू तिथेच होता, पण त्याचा पृष्ठभाग नव्हता.

विटेच्या नळ्यांवर ॲल्युमिनाचा सच्छिद्र लेप असतो आणि त्यावर धातूचे काही नॅनोमीटरचे कण विखुरलेले असतात. समजा ३ ग्रॅम प्लॅटिनम आहे आणि प्रत्येक कण ३ नॅनोमीटर जाडीचा गोल. हिशेब केला तर एकूण पृष्ठभाग सुमारे २८० चौरस मीटर येतो. बॅडमिंटनची तीन कोर्टं घातली तरी जागा उरेल. आता तेच कण एकमेकांत मिसळून ३० नॅनोमीटरचे झाले असं धरा. वजन तेच ३ ग्रॅम, पृष्ठभाग २८. बाकीचा धातू कणांच्या पोटात गेला, तिथे वायू पोचतच नाही. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही.

मिसफायरमध्ये न जळलेलं पेट्रोल आणि त्याच्यासोबतची हवा थेट कन्व्हर्टरमध्ये येते आणि धातूवर जळते. वीट हजार अंशांच्या वर जाऊ शकते. त्या तापमानाला कण सरकतात, एकमेकांत विलीन होतात, लेपाची छिद्रंही बुजतात. मिसफायर जोरात असता तर तुम्हाला वितळलेली वीटच मिळाली असती. अधूनमधून होत होता म्हणून वीट वाचली आणि कण गेले. चेकचा दिवा लुकलुकतो तो बहुधा याच इशाऱ्यासाठी.

दुसरी एक शक्यता पाहिलीत का? इंजिन ऑइल पीत होतं का? ऑइलमधला फॉस्फरस येऊन बसतो आणि उठत नाही. शिसंही तसंच. शिसंमिश्रित पेट्रोल आणि कन्व्हर्टर एकत्र नांदूच शकत नाहीत ते यामुळे. आरामखुर्ची, लेकीला सांगा, ती म्हणते तसा ‘भरून’ गेलेला कन्व्हर्टर असतो. फक्त त्याला भरणारे हे पाहुणे असतात, ज्यांना कुठलीही उष्णता उठवत नाही.

---

टॉर्क

बापू, इन्फ्रारेड थर्मामीटरने पुढचं आणि मागचं तापमान मोजलंत का? मागे जास्त गरम असेल तर कन्व्हर्टर चालू, हा सोपा नियम आहे.

---

बापू_मिस्त्री

जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांना हा नियम चालायचा. आता इंजिनातून मुळात इतका कमी मोनॉक्साइड येतो की आत जळायला फारसं काही नसतं. चांगला कन्व्हर्टरही दोन्हीकडे सारखाच दाखवतो. मी त्यावर भरवसा ठेवत नाही. ऑइलचं विचाराल तर मालक म्हणतो पीत नाही. मालक असंच म्हणतात.

---

आरामखुर्ची

लेकीचा पुढचा हल्ला: “मोनॉक्साइडला ऑक्सिजन द्यायचा आहे, मग भरपूर हवा सोडा ना. हे मोजूनमापून १४.७ चं प्रमाण कशाला?”

---

खडीसाखर

कारण धुरात तिसरा गडी आहे, नायट्रिक ऑक्साइड. त्याला ऑक्सिजन द्यायचा नाही, त्याच्याकडचा काढून घ्यायचा आहे. हे काम ऱ्होडियमचं. त्याच्यावर नायट्रिक ऑक्साइड बसला की नायट्रोजन आणि ऑक्सिजन असा तुटतो. दोन नायट्रोजन अणू एकमेकांना गाठतात आणि जोडीने उडून जातात, तो साधा हवेतला नायट्रोजन. प्लॅटिनम हे तोडण्याचं काम एवढं चांगलं करत नाही.

पण ऑक्सिजनचे अणू मागे राहतात. ते उचलायला कोणीतरी हवा, नाहीतर ऱ्होडियम त्यांनीच भरून जाईल. तो उचलणारा म्हणजे आपला मोनॉक्साइड! मघाचा खलनायक इथे हमाली करतो. हवा जास्त सोडली तर मोनॉक्साइड प्लॅटिनमवरच संपून जातो, धुरातला ऑक्सिजनही ऱ्होडियमवर येऊन बसतो, आणि नायट्रिक ऑक्साइडला जागा उरत नाही. हवा कमी सोडली तर मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन तसंच बाहेर. म्हणून एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा, आणि त्याच्या अगदी जवळपास राहायचं.

इंजिनाला ते नेमकं साधत नाही, ते थोडं इकडे थोडं तिकडे झुलत राहतं. तो झोका सीरियम ऑक्साइड झेलतो. ऑक्सिजन जास्त झाला की स्वतःत ठेवून घेतो, कमी पडला की परत देतो. बापूंच्या मागच्या सेन्सरची सपाट रेषा ही त्याची करामत आहे. म्हणजे P0420 धातू थेट मोजतच नाही, हे साठवणं किती उरलंय ते मोजतो. दोन्ही बहुधा एकत्रच ढासळतात, म्हणून चालून जातं.

मीच_तो, आता तुमचं. डिझेलच्या धुरात ऑक्सिजन कायम जास्त असतो, त्यामुळे ही ऱ्होडियमची युक्ती तिथे चालत नाही. म्हणून युरियापासून अमोनिया करून तो नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर सोडतात, वेगळ्या उत्प्रेरकावर.

---

मीच_तो

धन्यवाद. पण दिवा?

---

बापू_मिस्त्री

टाकी भरूनही दिवा जात नाही म्हणजे पातळीचा सेन्सर, युरियाची प्रत किंवा सोडणारा इंजेक्टर. कोड वाचल्याशिवाय सांगता येत नाही. वेगळा धागा काढा.

@खडीसाखर, धातू आणि साठवण एकत्रच ढासळतात हे मला तितकंसं पटत नाही. सायलेन्सरच्या सांध्याला फट असली तरी बाहेरची हवा आत ओढली जाते आणि P0420 येतो. मी तशा गाड्या पाहिल्यात, कन्व्हर्टर ठणठणीत असलेल्या.

---

खडीसाखर

तो कोड खोटा येणं झालं, ते होतंच. मी ‘बहुधा’ म्हटलं होतं, पण तुम्ही रोज पाहता, तुमचं ऐकेन.

---

चिकित्सक

माझं एक राहिलंय. पेटलेला कन्व्हर्टर खालच्या तापमानालाही चालू राहतो हे उष्णता साठल्यामुळे, की पृष्ठभागावर मोनॉक्साइडऐवजी ऑक्सिजनचा ताबा असल्यामुळे? नुसती उष्णता असेल तर टॉर्क यांची भट्टी जिंकली.

---

खडीसाखर

प्रयोगशाळेत प्लॅटिनमचा एकच स्फटिक घेऊन, तापमान एकाच आकड्यावर धरून ठेवलं तरी दोन अवस्था सापडतात. त्याच वायूंत, त्याच तापमानाला, एकदा मोनॉक्साइडने भरलेली आणि एकदा ऑक्सिजनची सत्ता असलेली. कुठली मिळेल ते तुम्ही कुठल्या बाजूने आलात त्यावर ठरतं. म्हणजे नुसती उष्णता नाही. पण खऱ्या विटेत दोन्ही मिसळलेलं असतं, आणि तिथे कोणाचा वाटा किती हे फक्त थर्मामीटर लावून वेगळं काढता येणार नाही.

---

टॉर्क

म्हणजे अर्धी भट्टी माझी.

---

आरामखुर्ची

लेकीने सूत्रात १५० अंश घालून पाहिले. म्हणते, अठरा-एकोणीस मिनिटं येतात, बरोबर का? आणि पॅलॅडियमसाठी E किती धरायचा ते विचारतेय.

---

खडीसाखर

४२३ केल्व्हिन... १३० हजार भागिले ८.३१४ भागिले ४२३, साधारण ३७. हो, वीस मिनिटांच्या आसपास, जमलं तिला. पॅलॅडियमसाठी थोडा जास्त, १४० धरून पुन्हा करू दे. आणि उत्तर किती पटीने बदललं ते इथे लिहायला सांगा, चिकित्सक तपासतील.